उखडलेल्या रस्त्याचे कोणते कागद माहिती अधिकारात मागता येतात?

प्रश्न: आमच्या नगरपंचायतीने गल्लीत केलेला सिमेंटचा रस्ता दुसऱ्याच पावसाळ्यात उखडला. मी माहिती अधिकारात अर्ज करून विचारले की रस्ता इतक्या लवकर का खराब झाला, याला जबाबदार कोण आणि माझ्या तक्रारीवर कारवाई का झाली नाही. उत्तर आले, "प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही." मग या कायद्याने सरकारी कार्यालयाकडे नेमके मागता तरी काय येते?

उत्तर: तुम्हाला आलेले उत्तर कोरडे आहे, पण कायद्याने पाहिले तर बरेचसे बरोबर आहे. तरीही तुम्हाला जे हवे आहे ते जवळजवळ सगळे याच कायद्याने मिळू शकते. अर्जाची भाषा तेवढी बदलावी लागेल. नोकरीत असताना मी जन माहिती अधिकारी म्हणून असे अर्ज हाताळले आहेत आणि निवृत्तीनंतर लोकांना अर्ज लिहून देतो, म्हणून टेबलाच्या दोन्ही बाजूंनी हे कसे दिसते ते सांगतो.

माहिती अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 2(च) मध्ये "माहिती" म्हणजे काय ते दिले आहे. अभिलेख, दस्तऐवज, ज्ञापने, ई-मेल, अभिप्राय, सल्ले, परिपत्रके, आदेश, रोजवह्या, कंत्राटे, अहवाल, नमुने, प्रतिकृती, संगणकातली आधारसामग्री असे सगळे त्यात येते. या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे त्या वस्तू आधीपासून अस्तित्वात आहेत आणि कार्यालयाच्या ताब्यात किंवा नियंत्रणाखाली आहेत. "अभिप्राय" हा शब्द वाचून पुष्कळ लोक समजतात की अधिकाऱ्याला त्याचे मत विचारता येते. तसे नाही. अभियंत्याने फाइलवर लिहून ठेवलेला अभिप्राय मागता येतो. तुमच्या अर्जासाठी त्याने नवा अभिप्राय तयार करावा, अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

न्यायालयांनीही हेच धरले आहे. गोव्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 2008 मध्ये सांगितले की अमुक गोष्ट का केली किंवा का केली नाही, याचे उत्तर "माहिती"च्या व्याख्येत बसत नाही. पुढे 2011 मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क दिला. त्याच निकालात, जी माहिती कार्यालयाकडे नाही ती गोळा करून किंवा निष्कर्ष काढून देण्याचे बंधन अधिकाऱ्यावर नाही, असेही म्हटले. तुम्हाला आलेल्या उत्तराच्या मागे हे दोन निकाल आहेत.

पण सरकारी कामात "का" हे कुठेतरी लिहिलेलेच असते. खर्चाला मंजुरी देताना टिपणी लिहावी लागते, निविदा स्वीकारताना तुलनात्मक तक्ता करावा लागतो, देयक काढताना मोजमाप लिहावे लागते, तक्रार आली की ती कोणाच्या तरी टेबलावर नोंदवावी लागते. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे अशा कागदांत आहेत. म्हणून प्रत्येक प्रश्न मनात धरून स्वतःला विचारा, याचे उत्तर कोणत्या कागदावर लिहिलेले असेल? आणि मग तो कागद मागा.

रस्त्याच्या कामाचा कागद कसा चालतो ते आधी थोडक्यात बघू. आधी अंदाजपत्रक बनते. त्यात रस्त्याची लांबी, रुंदी, जाडी, काँक्रीटची प्रत आणि प्रत्येक बाबीचा दर असतो. त्याला तांत्रिक मान्यता आणि प्रशासकीय मान्यता मिळते. मग निविदा, करारनामा आणि कार्यारंभ आदेश. प्रत्यक्ष काम सुरू झाले की अभियंता मोजमाप पुस्तिकेत मापे लिहितो. कार्यालयात सगळे तिला "एमबी" म्हणतात आणि तुम्हीही अर्जात कंसात तो शब्द टाकलात तर कोणी गोंधळाचे सोंग करू शकत नाही. एमबीच्या आधारे देयक निघते. सोबत गुणवत्ता चाचणीचे अहवाल, आणि पुष्कळ नगरपंचायतींत त्रयस्थ तांत्रिक तपासणीचा अहवाल असतो. शेवटी काम पूर्ण झाल्याचा दाखला. करारनाम्यात आणखी एक कलम असते, दोषदायित्व कालावधीचे. त्या मुदतीत काम बिघडले तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे आणि तोवर त्याची सुरक्षा ठेव कार्यालयाकडे राहायची.

आता तुमचे प्रश्न या कागदांवर बसवू. "रस्ता का खराब झाला" याचे उत्तर अंदाजपत्रक, एमबी आणि चाचणी अहवाल हे तिन्ही शेजारी ठेवले की दिसू लागते. "जबाबदार कोण" याचे उत्तर एमबीवरच्या सह्यांत, पूर्णत्वाच्या दाखल्यावर आणि करारनाम्याच्या दोषदायित्व कलमात आहे. "कारवाई का झाली नाही" यासाठी तुमच्या तक्रारीचा आवक क्रमांक द्या आणि त्यावरील टिपणीची, तसेच ती तक्रार ज्या कर्मचाऱ्याकडे होती त्याच्या कार्यविवरण नोंदवहीतील संबंधित पानांची प्रत मागा. काहीच कारवाई झाली नसेल तर टिपणीच नसेल, आणि "सदर तक्रारीवर टिपणी उपलब्ध नाही" असे सहीनिशी लिहून मिळणे हाही तुमच्या हातातला मोठा पुरावा असतो.

महाराष्ट्राच्या नियमांत अर्जासाठी जोडपत्र "अ" हा नमुना आहे. त्यात माहितीचा विषय, कालावधी आणि वर्णन अशा तीन जागा वेगळ्या आहेत. 2012 च्या दुरुस्तीने दोन अटी आल्या. एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारणपणे 150 शब्दांपेक्षा जास्त नसावा. विषय दोन झाले तर अधिकारी पहिल्याचीच माहिती देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करायला सांगू शकतो. म्हणून रस्त्याचा एक अर्ज आणि तक्रारीवरच्या कार्यवाहीचा दुसरा, असे सरळ दोन करा. रस्त्याच्या अर्जात वर्णनाच्या जागी मी असे लिहीन:

"प्रभाग क्र. 6 मधील मारुती मंदिर ते पाण्याची टाकी या सिमेंट काँक्रीट रस्त्याच्या कामाबाबत पुढील अभिलेखांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात. 1) तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक. 2) कार्यारंभ आदेश व करारनामा, दोषदायित्वाच्या अटींसह. 3) मोजमाप पुस्तिकेतील (एमबी) या कामाची सर्व पाने. 4) अदा केलेली सर्व देयके. 5) काँक्रीटचे सर्व चाचणी अहवाल व त्रयस्थ तांत्रिक तपासणी अहवाल. 6) काम पूर्णत्वाचा दाखला. 7) सुरक्षा ठेव परत केली असल्यास त्याबाबतची टिपणी व आदेश. तसेच या कामाच्या संपूर्ण नस्तीची व प्रत्यक्ष कामाची पाहणी करू द्यावी."

यात एकही प्रश्नचिन्ह नाही, "भ्रष्टाचार" हा शब्द नाही, आणि माहिती कशासाठी हवी तेही नाही. कलम 6(2) प्रमाणे कारण सांगण्याची गरज नाही आणि अधिकाऱ्याने ते विचारूही नये. लोक रागाच्या भरात अर्जात आरोप लिहितात. त्याने एवढेच होते की पहिल्या दिवसापासून कार्यालय तुमच्याकडे प्रतिपक्ष म्हणून बघते आणि प्रत्येक ओळीत नकाराची जागा शोधते. कामाचे अधिकृत नाव मात्र जसेच्या तसे लिहा. ते कामाच्या फलकावर किंवा सर्वसाधारण सभेच्या ठरावात सापडते. नाव चुकले की "अशा नावाचे काम झालेले नाही" हे उत्तर ठरलेले.

अर्जावर 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावले की राज्याच्या कार्यालयांपुरते काम होते. तुमचा रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा असता किंवा अर्ज रेल्वे, टपाल अशा केंद्राच्या कार्यालयाला असता, तर कोर्ट फी तिकीट चालले नसते. तिथे भारतीय पोस्टल ऑर्डर लावतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला दाखला जोडल्यास कुठलेच शुल्क नाही. rtionline.maharashtra.gov.in या संकेतस्थळावरूनही अर्ज करता येतो, पण तिथल्या यादीत तुमची नगरपंचायत नसेल तर सरळ आवक शाखेत जाऊन शिक्का आणि तारीख असलेली पोच घ्या. उत्तराची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते.

अर्जातल्या शेवटच्या वाक्याकडे आता वळतो, कारण तिथे या कायद्याचा सर्वांत कमी वापरला जाणारा भाग आहे. कलम 2(ञ) मध्ये हक्क फक्त प्रतींचा नाही. कामाची, दस्तऐवजांची आणि अभिलेखांची पाहणी करणे, टिपणे व उतारे घेणे, प्रमाणित प्रती घेणे, आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे हे सारे त्यात आहे. फाइल स्वतः बघितली नाही तर कार्यालय जे देईल तेवढेच तुम्हाला कळते. बघितली की काय मागायचे राहिले ते कळते.

पाहणीचा पहिला तास फुकट असतो. त्यानंतर महाराष्ट्राच्या नियमांत दर पंधरा मिनिटांना 5 रुपये आहेत. जाताना कोरा कागद आणि पेन न्या. नस्तीचे दोन भाग असतात, एक टिपणीचा आणि एक पत्रव्यवहाराचा. आधी टिपणीचा भाग वाचा, कारण कोणी कोणत्या तारखेला काय सुचवले आणि वरच्याने काय शेरा मारला ते तिथे क्रमाने असते. प्रत्येक पानावर पृष्ठांक आहे का ते बघा. मधले अंक गाळलेले असतील, किंवा सगळे अंक एकाच शाईने एकाच बैठकीत घातलेले दिसले, तर तशी नोंद करा. हवी ती पाने क्रमांकाने लिहून त्याच दिवशी तेवढ्याच प्रती मागा. दर पानाला 2 रुपये पडतात. तीनशे पानांच्या फाइलमधून तुम्हाला खरोखर लागणारी पाने तीस-चाळीसच निघतील. पाहणी संपल्यावर किती वाजता आलो, काय बघितले आणि काय दाखवले नाही, हे दोन ओळींत लिहून अधिकाऱ्याची सही घ्या. सही नाही दिली तर तोच कागद आवक शाखेत द्या.

समजा, या मार्गाने प्रती मिळाल्या. आता त्या वाचायच्या कशा ते एका उदाहरणाने दाखवतो. अंदाजपत्रकात 120 मीटर लांब, 3.5 मीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर जाडीचा रस्ता आहे. गुणाकार केला की 63 घनमीटर काँक्रीट होते. एमबीमध्येही 63 लिहिले आहे आणि देयकही तेवढ्याचेच निघाले आहे. तुम्ही टेप घेऊन गल्लीत जा. लांबी-रुंदी मोजायला कोणाची परवानगी लागत नाही. जाडी मात्र रस्ता जिथे कडेने तुटला आहे तिथेच दिसते. चार-पाच ठिकाणी मोजा. ती सगळीकडे 10 सेंटिमीटरच्या आसपास भरली, तर काँक्रीट 42 घनमीटर पडले आणि 21 घनमीटरचे पैसे न टाकलेल्या मालाचे गेले, असा अर्थ निघतो. कडेला जाडी थोडी कमी असू शकते, म्हणून एका जागेच्या मापावर आरोप उभारू नका.

दुसरी गोष्ट तारखांची. काँक्रीटची ताकद तपासायला 15 सेंटिमीटरचे ठोकळे भरतात, त्यांना क्यूब म्हणतात, आणि ते 28 दिवसांनी यंत्रात दाबून फोडतात. आयएस 456 या भारतीय मानकाच्या हिशोबाने 63 घनमीटरला पाच नमुने लागतात आणि प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब. अहवालात क्यूब किती आहेत ते मोजा. मग क्यूब भरल्याची तारीख, तपासल्याची तारीख, एमबीतली मोजमापाची तारीख आणि देयकाची तारीख अशा चार तारखा एका ओळीत लिहा. क्यूब 4 मार्चला भरले आणि 28 दिवसांच्या ताकदीचा अहवाल 25 मार्चचा असेल, तर तो अहवाल खरा असूच शकत नाही, मग त्यातला आकडा कितीही चांगला असो. मार्चअखेरीच्या कामांत अशी तारीख अनेकदा सापडते, कारण 31 मार्चच्या आत निधी खर्ची टाकायचा असतो आणि काँक्रीटला मात्र 28 दिवस लागतातच. एमबीतले मोजमाप कार्यारंभ आदेशाच्या आधीचे असेल, तर तेही तितकेच बोलके.

नमुन्याचा हक्क इथे उपयोगी पडतो. रस्ता नगरपंचायतीचा आहे, म्हणून त्या काँक्रीटचा प्रमाणित नमुना तुम्ही मागू शकता. व्यवहारात हा अर्ज वेगळा करावा आणि त्यात जागा नेमकी सांगावी. नमुना अधिकाऱ्याच्या समोर काढला जातो, पिशवीत किंवा डब्यात बंद करून त्यावर मोहोर, तारीख, जागा आणि दोघांच्या सह्या होतात. त्याचा प्रत्यक्ष खर्च अर्जदाराला द्यावा लागतो. यंत्राने काँक्रीटचा गोल तुकडा, म्हणजे कोअर, कापायचा असेल तर तो खर्च बराच होतो आणि कार्यालये बहुधा विरोधही करतात. कायदा तुम्हाला नमुना देतो, त्याची तपासणी करून देत नाही. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी स्वतः करून घ्यावी लागते. म्हणून मी लोकांना आधी कागद आणि टेप वापरायला सांगतो. तिथे तफावत स्पष्ट दिसली तर मग नमुन्याचा खर्च करा.

आता नकार कोणते येतील ते सांगतो, कारण तेही साच्यातलेच असतात.

सर्वांत जास्त येतो तो "त्रयस्थ पक्षाची माहिती" हा. ठेकेदाराचे देयक आणि करारनामा मागितला की त्याचे "हरकत आहे" असे पत्र जोडून नकार पाठवतात. कलम 11 ची प्रक्रिया त्या पक्षाने गोपनीय म्हणून दिलेल्या माहितीपुरती आहे. त्यातही त्याचे म्हणणे ऐकायचे असते. त्याने नको म्हटले म्हणून विषय संपत नाही, निर्णय अधिकाऱ्यानेच कारण देऊन घ्यायचा असतो. सार्वजनिक पैशातून दिलेले देयक आणि सार्वजनिक रस्त्याचे मोजमाप हे ठेकेदाराचे व्यापारी गुपित होत नाही. त्याच्या निविदेच्या कागदांत बँक खाते, पॅन असे काही असेल तर कलम 10 प्रमाणे तेवढा मजकूर झाकून बाकीचे द्यायचे असते.

दुसरा नकार कलम 8(1)(ञ) चा, म्हणजे वैयक्तिक माहितीचा, आणि हा आता वाढणार आहे. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा त्याने खासगीपणावर अनाठायी आक्रमण होते, असे दाखवावे लागे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ही अट काढून टाकली आणि नोव्हेंबर 2025 पासून तो बदल लागू झाला. मला हा बदल नागरिकाच्या दृष्टीने मोठे नुकसान वाटतो. कारण आता "वैयक्तिक" एवढा एक शब्द लिहिला की नकार पूर्ण झाला, असे अधिकारी समजू लागतील. पण कलम 8(2) अजून जागेवर आहे. जनहित जास्त असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. म्हणून अर्ज माणसाभोवती न लिहिता कामाभोवती लिहा. "अमुक अभियंत्याची माहिती द्या" असे म्हटले की कलम 8(1)(ञ) पुढे येते. "या कामाच्या एमबीची पाने द्या" म्हटले की त्यावरची सही आणि पदनाम कामाचा भाग म्हणून आपोआप येतात. अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका आणि त्यांचे मासिक वेतन तर कलम 4(1)(ख) प्रमाणे कार्यालयाने न मागता प्रसिद्ध करायचे आहे.

तिसरा नकार, "माहिती विस्तृत स्वरूपाची आहे." कलम 7(9) मध्ये म्हटले आहे की मागितलेल्या स्वरूपात माहिती देताना कार्यालयाची साधनसामग्री अवाजवी वळवावी लागत असेल तर ते स्वरूप बदलता येते. माहितीच नाकारावी असे तिथे कुठेही नाही. या उत्तरावर पाहणी मागा, म्हणजे अधिकाऱ्याचा वेळही वाचतो.

चौथा आणि सर्वांत त्रासदायक, "अभिलेख आढळून येत नाही." हे सूट देणारे कलमच नाही. एमबी हे हिशोबाचे महत्त्वाचे पुस्तक असते, ती कोणाला कधी दिली आणि कधी परत आली याची नोंदवही ठेवलेली असते. त्या नोंदवहीची प्रत मागा. अभिलेख नष्ट केला असेल तर नष्ट करण्याचा आदेश आणि यादी मागा. हरवला असेल तर त्याबाबत केलेली चौकशी किंवा पोलिसांत दिलेली फिर्याद मागा. सार्वजनिक अभिलेख बेकायदा नष्ट करणे हा शिक्षेस पात्र गुन्हा आहे हे कार्यालयाला ठाऊक असते. त्यामुळे असा दुसरा अर्ज गेला की हरवलेली एमबी कपाटात सापडल्याचे मी पाहिले आहे.

आणि समजा कागद तुमच्या नगरपंचायतीकडे नाहीच, त्रयस्थ तपासणीचा अहवाल दुसऱ्या कार्यालयात आहे. तर कलम 6(3) प्रमाणे अर्जाचा तेवढा भाग पाच दिवसांत तिकडे पाठवून तुम्हाला कळवायचे काम अधिकाऱ्याचे आहे. "त्यांच्याकडे अर्ज करा" एवढे सांगून त्याला मोकळे होता येत नाही.

मुदत 30 दिवसांची आहे. प्रतींचे शुल्क मागणारे पत्र या 30 दिवसांतच यायला हवे आणि त्यात पाने किती, दर काय, असा हिशोब हवा. ते पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीतून वगळतात. म्हणून 76 रुपयांसाठी महिना घालवू नका, त्याच आठवड्यात भरा. मुदत उलटल्यावर कलम 7(6) प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते. मुदतीत उत्तरच आले नाही तर तो नकार समजायचा.

मग पहिले अपील. उत्तर मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून 30 दिवसांत, 20 रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून, जोडपत्र "ब" मध्ये. नगरपंचायतीत प्रथम अपिलीय अधिकारी बहुधा मुख्याधिकारीच असतात. या पायरीला लोक औपचारिकता समजतात आणि नुसते "माहिती मिळाली नाही" लिहून मोकळे होतात. तसे करू नका. मुद्दा क्रमांक 3 ची पाने मिळाली नाहीत, मुद्दा 5 ला दिलेला नकार अमुक कलमाचा आहे आणि तो का लागू होत नाही, असे मुद्द्यावार लिहा. कलम 19(5) प्रमाणे नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी माहिती अधिकाऱ्यावर असते, तुमच्यावर नाही. ते वाक्य अपिलात लिहा. अपिलाचा निकाल 30 दिवसांत आणि कारणे नोंदवून फार तर 45 दिवसांत द्यायचा असतो.

त्यापुढे 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या तुमच्या विभागाच्या खंडपीठाकडे दुसरे अपील. तिथे सुनावणीला खूप काळ लागतो, वर्ष उलटणे नवे नाही. तिथे "तक्रार" आणि "अपील" यांत घोळ करू नका. कलम 18 च्या तक्रारीत आयोग दंडाचा विचार करतो, पण माहिती द्या असा आदेश त्यात देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सांगितले आहे. तुम्हाला कागद हवे आहेत, म्हणून कलम 19 चे अपीलच करा. दंड दिवसाला 250 रुपये आणि जास्तीत जास्त 25,000 असतो. तो सरकारजमा होतो, अर्जदाराला मिळत नाही. अर्जदाराला मिळू शकते ती कलम 19(8)(ख) खालची नुकसानभरपाई, आणि ती स्पष्ट मागावी लागते.

"का" बद्दल एक गोष्ट राहिली. कलम 4(1)(घ) प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने आपल्या प्रशासकीय आणि अर्धन्यायिक निर्णयांची कारणे त्या निर्णयाने बाधित होणाऱ्या व्यक्तींना द्यायची आहेत. तुमची तक्रार लेखी आदेशाने निकाली काढली असेल, तर तुम्ही बाधित आहात. त्या आदेशाची प्रत आणि त्यामागची नोंदवलेली कारणे या कलमाचा उल्लेख करून मागा. रस्ता का उखडला याला हे कलम लागत नाही, कारण उखडणे हा कोणाचा निर्णय नव्हता. पण तक्रार फेटाळणे किंवा ठेव परत करणे हे निर्णय आहेत.

माहिती अधिकाराने रस्ता दुरुस्त होत नाही, ठेकेदार काळ्या यादीत जात नाही आणि कोणाची चौकशीही सुरू होत नाही. अर्जात "कारवाई करावी" असे लिहिले तर ती ओळ वाया जाते. मिळालेल्या प्रमाणित प्रती जोडून वेगळा अर्ज करावा लागतो. तुमच्या बाबतीत तो मुख्याधिकाऱ्यांकडे, प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका प्रशासन शाखेला, आणि मागणी अशी की करारनाम्यातील दोषदायित्वाच्या अटीनुसार ठेकेदाराकडून रस्ता स्वखर्चाने दुरुस्त करून घ्यावा आणि तोवर सुरक्षा ठेव रोखून धरावी. एमबीतली तफावत आणि चाचणी अहवालाच्या तारखा त्यात पृष्ठक्रमांकासह लिहा.

हा दुसरा अर्ज सगळ्या प्रती येईपर्यंत थांबवू नका. करारनामा हातात आला की त्यातला दोषदायित्व कालावधी पूर्णत्वाच्या दाखल्याच्या तारखेत मिळवा आणि तो कोणत्या दिवशी संपतो ते काढा. तुमचा रस्ता दुसऱ्या पावसाळ्यात उखडला आहे, म्हणजे मुदत अजून चालू असण्याची शक्यता आहे. पण ठेव एकदा परत गेली की ठेकेदाराला पुन्हा बोलावणे नगरपंचायतीलाच जड जाते. म्हणून ती तारीख जवळ असेल तर हातात आहेत तेवढे कागद आणि रस्त्याचे फोटो जोडून दुरुस्तीची मागणी आधी नोंदवा, आवक क्रमांक घ्या, आणि एमबीसाठीचे अपील त्याच्या जोडीने चालू ठेवा.